फोटोतली लवंग

आमचं जळगावात मसाल्याचं दुकान होतं आणि असोद्याला केळीचं शेत. दुकान माझे वडील, आबा, आणि थोरला भाऊ, दादा, सांभाळत. मी धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. घरच्यांच्या लेखी त्या विद्येचा उपयोग शून्य, म्हणून आबांनी मला बोलावणं धाडलं तेव्हा नवलच वाटलं.

दादाला कोकणातली एक मसाल्याची बाग घ्यायची होती. त्यासाठी असोद्याचं शेत विकावं लागणार होतं आणि दादा कायमचा तिकडे जाणार होता. दलालानं फोटो पाठवले होते. झाडं खरी की बनावट, एवढंच मी सांगायचं होतं. दादानं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

फोटो काळेपांढरे होते, त्यामुळे रंगाचा आधार नव्हता. पहिल्यात पान होतं. देठापासून तीन ठळक शिरा टोकाकडे गेलेल्या. "दालचिनी असेल किंवा तमालपत्र," मी म्हटलं. "दोघी सख्ख्या बहिणी. साल हुंगल्याशिवाय सांगता येणार नाही." दुसऱ्यात फळ उकललेलं, आत बी आणि बीवर जायपत्रीची जाळी. जायफळच, वादच नाही.

तिसऱ्या फोटोवर आबा खूश होते. "कसं लदेल शे देख!" लांबट फळांचे घोस फांद्यांच्या टोकांना लोंबत होते. प्रत्येक फळाच्या शेंड्याला चार टोकं. केळीवाल्याला लदलेलं झाड म्हणजे लक्ष्मी.

"लवंगच आहे," मी म्हटलं, "पण आपण विकतो ती लवंग म्हणजे कळी. उमलायच्या आत खुडून वाळवतात. फूल झालं की गेली, फळ झालं म्हणजे तर हंगाम संपला. बियाण्यापुरती चार फळं कोणीही ठेवील. झाडभर फळं म्हणजे यंदा कोणी खुडायला चढलंच नाही. बाग बेवारशी पडली आहे."

शेत वाचलं, दादाही राहिला, असं वाटून मला आत कुठेतरी हायसं झालं.

दादानं फोटो उचलला. "खुडाले माणूस नही ना? मी शे ना."

मी आबांकडे पाहिलं. ते रागावतील अशी माझी खात्री होती. पण व्यापारी तो व्यापारी. मालक बागेला कंटाळलाय, म्हणजे भाव पडेल, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. त्यांनी त्याच दिवशी दलालाला लिहिलं, की तुमची लवंग फळावर गेली आहे, आम्हाला झाडांतलं कळतं. बाग बरीच स्वस्तात पडली.

शेत विकलं, दादा गेला. स्टेशनपर्यंत पोचवायला आबा गेले होते. परत आल्यावर ते दुकानात बसले आणि सवयीनं दादाला हाक मारली. मी तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुनी विद्या कामाले उनी, बेटा." मला त्या शाबासकीचा संताप आला.