आईचं न धुतलेलं पोलकं

आईचं मोरपंखी रेशमी पोलकं मी तीन वर्षं न धुता कपाटात ठेवलं होतं. आमच्याकडे रेशीम विटाळत नाही, म्हणून सोवळ्याचं रेशीम वापरून झालं की वाळवून तसंच घडी करतात. शेवटच्या चैत्रात घामाघूम होत तिनं नैवेद्य रांधला तो हेच घालून. ती गेल्यावर मी रीतच पाळत होते, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे त्याला तिचा वास होता. बनारसच्या या घरात माझ्याशी मराठी बोलणारं आता कुणी उरलं नाही. निदान तो वास तरी होता.

भाचीच्या लग्नात तेच घालायचं ठरवलं, घालून पाहताना हात वर केला, तर काखेत टर्रकन आवाज झाला.

राजा घाटाजवळच्या गल्लीत एक शिवणारी बाई आहे, रेशमाशिवाय कशाला हात लावत नाही. तिनं पोलकं उजेडासमोर धरलं. काखेत रंग उडून पिवळट, कडक डाग पडले होते आणि बोट लावलं की धागे तुटत होते. घाम वाळतो, पण त्यातलं मीठ नि आंबटपणा धाग्यात राहतो, दमट हवेत तो रेशमाला आतून कुजवतो, असं तिनं समजावलं. त्यात काखेलाच ताण जास्त. वरून घामाच्या डागावर इस्त्री फिरवली की संपलंच. आईच्या पोलक्याला मी प्रेमानं इस्त्रीही केली होती. शहाणपणाची हद्दच.

बाकीचं रेशीम धड होतं. काखेत नवा तुकडा घालून आतून सुती अस्तर लावते म्हणाली. शिवाय काखेत घाम टिपणाऱ्या छोट्या सुती गाद्या कच्च्या टाक्यांनी, म्हणजे उसवून धुता येतील. अत्तर-डिओडरंट लावलं तर पूर्ण वाळू द्यायचं, मगच रेशीम अंगावर. मी मान डोलावली, पण तिनं पोलकं परत माझ्या हातात दिलं.

"पहले धोकर लाइए, दीदी. नमक रह गया तो बाकी भी खा जाएगा."

वास जाईल, एवढंच मी म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि हातातलं शिवण पुढे चालू केलं.

घरी थंड पाण्यात रिठ्याचा फेस केला. पोलकं बुडवलं तेव्हा वास एकदम वर आला, आई मागे उभी असल्यासारखा. मी रडले. मग न चोळता, न पिळता तीनदा खळबळून सावलीत वाळत घातलं. वाळल्यावर नाक लावलं, तर नुसतं रेशीम.

बाईनं ते ठरल्याप्रमाणे नीट करून दिलं. लग्नात ते मला छान बसलं, सगळे म्हणाले. त्याच संध्याकाळी मी गाद्या उसवून धुतल्या, पोलकंही खळबळलं. आता दर वेळी तसंच करते. माझा वास जपून ठेवायला घरात कुणी नाही.