मावशींच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो वाचायला माझ्याकडे यायचा. शेजारच्या मावशी बंद पडलेला मिक्सर आणि त्याचं वॉरंटी कार्ड घेऊन आल्या.

"कंपनी देईल ना रे दुरुस्त करून?"

मी वाचायला लागलो. बिलाच्या तारखेपासून दोन वर्षं, म्हणजे अजून पाच महिने बाकी होते. भांडी आणि पाती वॉरंटीत नव्हती, पण मोटर होती, आणि जळली होती मोटरच. धंद्यासाठी वापर नको, तर मावशी घरचंच वाटण वाटायच्या. बिल जवळ ठेवून हेल्पलाइनला फोन करायचा, सीरियल नंबर सांगायचा, मग कंपनीचा माणूस येणार. मावशींचा चेहरा खुलला.

शेवटची अट बारीक अक्षरांत होती. बाहेरच्या कुणी मिक्सर उघडून सील तोडलं, तर वॉरंटी रद्द.

सील आदल्या संध्याकाळी मीच तोडलं होतं. आमच्याकडे काही बिघडलं की शेजारी आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावतो, कार्ड मागाहून शोधतात. स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

मी सगळं खरं सांगितलं. मावशी मिक्सर माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मग आता तूच बघ ना परत उघडून."