हरणाऱ्याचा खडू

आत्याचा पाय कधी स्वस्थ बसत नसे. दिवसभर शिवणाचं मशीन चालवून त्याला सवयच लागली होती. मशीन बंद असलं तरी तो टेबलाखाली हलत राही. त्या आठवड्यात तर फारच हलत होता.

शनिवारी चार वाजता शेजारची मुलगी खेळायला येणार होती; पुढचे दात पडलेले म्हणून सगळे तिला दातपडकीच म्हणत. भाचीची उरलेली एकुलती एक मैत्रीण. भाची सहा वर्षांची, गोड, बोलघेवडी. पण हरायला लागली की सापशिडीचा पट उधळून देई. मागच्या वेळी एक सोंगटी दातपडकीच्या डोळ्याजवळ लागली. तिची आई जाताना म्हणाली, "शनिवारी पाठवते, पण पुन्हा असं झालं तर नाही हं."

वहिनीची दवाखान्यातली पाळी दुपारची, दादा फिरतीवर. शाळा सुटली की पोर आत्याकडे. तेव्हा जे काय करायचं ते आत्यानंच.

सोमवारी तिनं सगळे करतात तेच केलं. एक घर जास्त मोजून मुद्दाम सापाच्या तोंडात गेली.

"आत्या, चार पडले. तू पाच घरं गेलीस."

"हो का? चुकलं गं."

"चुकलं नाही! मला बाळ समजतेस तू." आणि पट उडाला. आत्या फुटपट्टीनं कपाटाखालच्या सोंगट्या काढत बसली.

मोठ्या बाईचा झगा लहान पोरीला घातला तर तो लोंबणारच. त्यात पोरीचा काय दोष? मंगळवारी आत्यानं खेळच मापाला बेतला. पटाच्या वरच्या अर्ध्या भागावर अस्तराचं कापड टाकलं. पन्नासावर पोचलं की जिंकलं, नेमकं दान पडायलाच हवं असं नाही. अर्ध्या तासाचा डाव दहा मिनिटांत संपू लागला.

"तुझी सोंगटी दहावर, माझी एकवर. उघड सांगते, मी मोठी आहे म्हणून."

भाचीनं विचार केला. "दहा फार होतात. पाचवर ठेव."

आणि ज्याला साप चावेल त्याला आत्याच्या डब्यातला निळा खडू. त्यानं त्या सापाला नाव ठेवायचं. पहिला साप आत्यालाच चावला, खराखुरा.

"आई गं! राग आला मला," आत्या मोठ्यानं म्हणाली. "थांब, एक श्वास घेते. हं, आण तो खडू." तिनं सापावर लिहिलं, 'गिऱ्हाईक'.

"का?"

"सगळं शिवून झालं की उसवायला लावून पुन्हा मागे नेतं म्हणून."

बुधवारी भाचीला साप चावला. हात पटाच्या कडेकडे गेला, घुटमळला आणि खडूकडे वळला. तिनं नाव ठेवलं, 'उठ शाळा आहे'. आत्याला हायसं वाटलं. पाय मात्र हलतच होता.

शुक्रवारी नवीनच भानगड. भाचीची सोंगटी त्रेचाळीसवर, दान पडलं तीन, आणि ती चार घरं जाऊन सत्तेचाळीसच्या सापाच्या तोंडात बसली.

"तीन पडले ना?"

भाची हळूच म्हणाली, "पण या सापाला अजून नाव नाही."

आत्यानं कपाळाला हात लावला. हरण्याची एवढी गोडी लावली, की पोर हरायला लबाडी करायला लागली! आणि उद्या शनिवार.

"चावलाच नाही तो तुला. मग नाव कसं ठेवणार?"

हे भाचीला पटलं. सोंगटी शेहेचाळीसवर गेली. पण एवढ्यानं भागणार नव्हतं, जिंकण्यालाही काही हवं होतं. आत्यानं ठरवलं, जिंकेल त्यानं पुढच्या डावाचं कापड हवं तिथं सरकवायचं. आणि दोन डाव झाले की बंद, रंगात असतानाच.

शनिवारी दोघी मैत्रिणी पटाशी बसल्या; भाचीनं नवे नियम समजावले. आत्या मशीनवर बाहीची पट्टी घालत होती, म्हणजे हात मशीनवर आणि डोळे पटावर. दातपडकी एकोणपन्नासवर, भाची शेहेचाळीसवर. भाचीला पडला एक. सत्तेचाळीस! साप चावला, सोंगटी थेट सव्वीसवर. लगेच दातपडकीनं फासा टाकला आणि जिंकली.

भाचीचे कान लाल झाले. दोन्ही हात पटाच्या कडांना गेले. पट बोटभर उचलला गेला, सोंगट्या घसरल्या. "श्वास घे," आत्याच्या ओठांवर आलं. तिनं त्याऐवजी दोराच दातांनी तोडला.

पट खाली टेकला.

"मला खूप राग आलाय," भाची म्हणाली.

"मला पण येतो," दातपडकी म्हणाली. "मी उशीला मारते."

"खडू दे." भाचीनं जीभ बाहेर काढून सत्तेचाळीसच्या सापावर एकेक अक्षर लिहिलं.

दातपडकी वाकली. "दा... त... ए, हे माझं नाव आहे!"

"तूच जिंकलीस ना?"

"मग त्याचे पुढचे दात खोड!"

दोघी हसून लोळल्या. दातपडकीनं कापड साठावर सरकवलं आणि फासा भाचीच्या हातात दिला.

आत्यानं पाय मशीनवर ठेवला, कापड पुढे ओढलं, आणि तेव्हा तिला दिसलं, की मघाशी तिनं बाहीचं तोंडच शिवून टाकलं होतं.