काकूंनी टीव्हीला दिलेलं उत्तर

टेलरकाकूंचं माप चुकलंय, असं आजवर कुणी सिद्ध करून दाखवलेलं नव्हतं. कपडा घट्ट झाला तर गिऱ्हाईक सुटलेलं असायचं, सैल झाला तर गिऱ्हाईक खंगलेलं असायचं. काकूंची टेप मात्र ब्रह्मवाक्य. आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळा बाईचं बरोबरच असायचं, त्यामुळे उरलेल्या दहा टक्क्यांत भांडायला कुणाला तोंड नव्हतं. रस्त्याकडेची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. दाराशी पाटी, खिडकीशी शिलाई मशीन, कापायचं मोठं टेबल, भिंतीला रिळांचं कपाट. मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. एवढ्यात त्यांनी संसारही केला आणि धंदाही, आणि दोन्ही नाकासमोर चालवले.

त्यांचे यजमान पेंटरकाका. भिंती रंगवणारे नव्हेत, गाड्या रंगवणारे. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आली की पत्रा सरळ करणारे बरेच मिळतात, पण जुन्या, उन्हानं विटलेल्या रंगाला नवा रंग असा जुळवायचा की जोड दिसू नये, हे काम काकांचं. डब्यावरचा नंबर सगळ्यांनाच वाचता येतो, पण दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला तो नंबर लागू पडत नाही. तिथे डोळा हवा. काकांकडे तो डोळा होता. बोलणं मात्र कमी. घरात बोलायचं खातं काकूंकडे होतं आणि काकांनी ते कधी परत मागितलं नव्हतं.

तर त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टर म्हणाले, धूळ नको, थिनरचा वास नको, महिनाभर घरी बसा. वाचायचा चष्मा डोळे स्थिरावल्यावर देऊ. घरी बसवलेला पुरुष कसा सांभाळायचा हा प्रश्न काकूंनी एका दिवसात निकालात काढला. टीव्ही आणला. चांगला मोठा. कापायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बसवला, म्हणजे काकांवर लक्षही राहील. टीव्ही भिंतीला टांगून झाल्यावर बसवणारा माणूस म्हणाला, "काकू, पुढचं लावून देतो." त्या म्हणाल्या, "मला वाचता येतं. तू जा तुझ्या कामाला." तो गेला, आणि काकूंनी रिमोट हातात घेतला. काका तेव्हा मागच्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून पडले होते.

त्यांनी काकांसाठी उजेड कमी केला, रंग सौम्य केले, "आता डोळ्यांना त्रास नाही होणार" असं जाहीर केलं आणि मशीनवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज टीव्ही लावून देताना, चित्र कसं आहे ते न बघताच, त्या हेच पुन्हा करायच्या. मशीन खिडकीकडे तोंड करून होतं, उजेडासाठी. टीव्ही पाठीमागे. त्यांना तो ऐकू यायचा, दिसायचा नाही. येता-जाता पडद्याच्या खाली एखादी पट्टी सरकताना दिसायची, मोठमोठ्या अक्षरांत कसलीतरी बढाई मारणारी. "जाहिराती मेल्या कुठे सुटत नाहीत," असं म्हणून त्या पुढे जायच्या.

काका दिवसेंदिवस अधिकच गप्प होत गेले. आधीच मितभाषी माणूस, त्यात अधिक गप्प झालेला ओळखायचा कसा? काकूंनी ओळखला तो रिळांवरून. कुठलंही अवघड कापड आलं, मोरपंखी आणि हिरव्याच्या मधलं काहीतरी, की त्या न बघता हात मागे करायच्या आणि काका कपाटातून नेमकं रीळ काढून हातात ठेवायचे. त्या दिवशी खिडकीच्या पडद्याचं कापड आलं होतं. काकूंनी हात मागे केला. हात तसाच राहिला.

"अहो, रीळ."

"तूच बघ."

काकूंनी पायडलवरचा पाय काढला. "का? हात दुखतोय का?"

"डोळा गेला माझा," काका म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले, की काकू खुर्चीतच मागे वळल्या. "म्हणजे दिसतं सगळं. पण रंग टिकत नाही. तू लावून दिलेलं चित्र बघत बसतो. छान दिसतं. मग डोळ्यांसमोर एकाएकी सगळं निळं, भडक होतं. माणसांचे चेहरे प्लॅस्टिकचे दिसतात. डोळे मिटून उघडले तरी तसंच. रोज होतंय. संध्याकाळी गॅरेजच्या शेठचा फोन येणार आहे, सोमवारपासून या म्हणून. मी 'नाही' म्हणणार आहे. रंग जुळवणाऱ्याला रंगच पालटून दिसायला लागले तर लोकांच्या गाड्या कशाला बिघडवायच्या?"

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? टीव्ही बिघडलाय, असं नाही वाटलं?"

"तो तू निवडून आणलायस," काका म्हणाले. "तुझं कशाला चुकेल?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकूंना बरं वाटलं असतं. नवऱ्यानं भाबडेपणानं, बायको चुकत नाही हे धरून, स्वतःचा डोळा मोडीत काढला होता. काकूंना रडू आलं. पण रडत बसायचं तर शिवण उसवून बघणार कोण? त्या उठल्या, खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसल्या. रिमोट घेऊन चित्र पुन्हा सौम्य केलं आणि पडद्याचं कापड भिंतीवर टीव्हीच्या शेजारी खिळ्याला अडकवलं. "दोन्हीकडे बघा. डोळा बिघडला असेल तर कापडही निळं व्हायला पाहिजे."

दोघं बसून राहिले. बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणारी बाई बोलत होती, कापड लटकत होतं. दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं, नवराबायको भर दुपारी भिंतीकडे टक लावून बसलेले बघून मुकाट्यानं परत गेलं. आणि मग, कुणीही काहीही न दाबता, बातम्यांची बाई निळसर, चकचकीत झाली, पडदा फटकन उजळला आणि खालून ती बढाईखोर पट्टी सरकत आली. कापड होतं तसंच होतं.

"मला दिसलं!" काकू ओरडल्या. "मलाही दिसलं! माझ्या डोळ्याचं तर ऑपरेशन नाही ना झालं?"

काकांनी कापडाकडे बघितलं, मग काकूंकडे. "तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय केलंय, सांगा बघू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. काकांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

पलीकडची मुलगी चुणचुणीत होती. काकूंची तक्रार पुरती ऐकायच्या आत म्हणाली, "मॅडम, पडद्यावर पट्टी येते का? टीव्हीची तारीफ करणारी?"

"येते की."

"मग टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये आहे. शोरूममध्ये मांडायचा असतो ना, तेव्हा तसा ठेवतात. लखलखाटात उठून दिसायला चित्र भडक लागतं. शिवाय येणारं-जाणारं गिऱ्हाईक सेटिंग बदलून जातं, म्हणून थोड्या थोड्या वेळानं टीव्ही आपोआप पहिल्यासारखा होतो. तुमचं चित्र सारखं बदलतंय ते त्यामुळेच. पहिल्यांदा चालू करताना तो विचारतो, घरात वापरणार की दुकानात. तिथे कुणीतरी दुकान निवडलंय."

काकूंना तो प्रश्न लख्ख आठवला. रिमोट हातात, चष्मा नाकावर. घर की दुकान? त्यांनी मान वर करून पाटीकडे, मशीनकडे, रिळांच्या कपाटाकडे बघितलं होतं आणि ठसक्यात 'दुकान' दाबलं होतं. दुकानच तर होतं. विचारलं ते सांगितलं. काकूंनी आयुष्यात दिलेलं ते सगळ्यांत प्रामाणिक उत्तर असावं.

"बसवायला आलेल्या माणसानं काहीतरी केलं असेल," काकू फोनवर म्हणाल्या. जीभ अशी आपणहून वळली. सवयीची होती बिचारी.

"असेल," मुलगी म्हणाली. "आता सेटिंगमध्ये जा. जनरल. त्यात सिस्टीम. खाली वापराचा मोड दिसेल, तिथे दाबा. पिन विचारेल. तुम्ही बदललेला नसेल तर चार शून्यं. मग घर निवडा."

काकूंनी एकेक पायरी मोठ्यानं वाचत गाठली. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा उजळला. "आता चित्र तुम्हाला हवं तसं लावा," मुलगी म्हणाली. "ते तसंच राहील." काकूंनी सौम्य लावलं, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

दोघं पुन्हा बसले. बातम्या संपल्या, कसलीशी मालिका लागली, तीही अर्धीअधिक झाली. मालिकेतली सासू ना निळी झाली ना प्लॅस्टिकची. पट्टी आली नाही. काकूंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण काकांचा चेहरा खुलेना.

"आता काय?" काकू म्हणाल्या.

"तो माणूस रोज घरोघरी टीव्ही बसवतो," काका म्हणाले. "रोजचं काम. तो दुकान कसं दाबेल? रोजच्या कामात माणूस असा चुकत नाही. टीव्हीचं काहीतरी असेल थोडंफार, पण सगळं तेच असेल असं नाही. मी शेठना 'येत नाही' असंच सांगतो. जोखीम नको."

काका गाड्यांवरसुद्धा असेच होते. जोड का दिसतेय हे कळल्याशिवाय त्यांनी कधी पुढचा हात मारला नाही. या कोड्यातला तुकडा जुळत नव्हता, कारण तो काकूंनी खोटा कापला होता. काकूंना हे समजलं आणि फार वाईट वाटलं. खोटं बोलल्याचं कमी, त्या खोट्याची किंमत हा माणूस आपल्या डोळ्यानं मोजायला बसलाय याचं जास्त.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. गॅरेजवाले शेठ. काकांनी फोन कानाला लावला. "हो शेठ. नाही, मी सांगणारच होतो तुम्हाला, माझा डोळा..."

"त्यानं नाही दाबलं," काकू म्हणाल्या.

काका थांबले.

"त्याला मीच हाकलला होता. टीव्हीनं मला विचारलं, घर का दुकान. मी म्हटलं, दुकान. माझं दुकान आहे म्हणून दुकान म्हटलं. कुणाची चूक नाही त्यात. म्हणजे, माझी आहे. माझं चुकलं."

काका बायकोकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यावरून महिन्याचं ओझं उतरताना काकूंना अगदी डोळ्यांनी दिसलं. हळूहळू ते हसायला लागले. फोनवर म्हणाले, "शेठ, डोळा ठणठणीत आहे. हिचं चुकलं होतं."

पलीकडे शेठ काहीतरी म्हणाले.

"हो हो, हिचंच."

शेठ पुन्हा काहीतरी म्हणाले.

"अहो शप्पथ! ती स्वतः म्हणाली." काकांनी हताश होऊन फोन खाली केला. "विश्वास नाही ठेवत ते. म्हणतात, बहाणे सांगू नका, काय झालंय ते खरं सांगा."

काकूंनी हात पुढे करून फोन घेतला. पदर सारखा केला, जणू शेठना तो दिसणार होता.

"शेठ, मी बोलतेय. माझंच चुकलं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, रस्त्यावर ऐकू जाईल अशा. "सोमवारी त्यांना पाठवते."