सेम्बावांगची शीळ

तमाम पक्षिप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ग्रुपवर आलेला कोणताही व्हिडिओ आधी डोळे मिटून ऐकावा, मग आवाज बंद करून पाहावा, आणि ही दोन्ही कर्तव्यं पार पडेपर्यंत कुणीही पक्ष्याचं नाव उच्चारू नये. उच्चारल्यास अपराध्याने सर्वांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजावी.

हा कायदा मीच केला आणि सगळ्यांत जास्त कोपीही मीच पाजली. सिंगापुरातल्या आमच्या मराठी पक्षिनिरीक्षकांच्या ग्रुपवर मी तोंड आवरू शकत नाही हे जगजाहीर आहे. पण चीफचा व्हिडिओ आला त्या सकाळी मी खरंच गप्प बसले.

चीफ म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. सेम्बावांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. वहिनी पावसाळ्याच्या आधी गेल्या. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून शीळ घालायच्या. बायकांनी शीळ घालू नये असं कुणी म्हटलं की आणखी जोरात. त्या गेल्यापासून पुण्याची मुलगी रोज फोन करत होती, "बाबा, या आता इकडे." घरमालकही विचारत होता, पुढचा करार करायचा की नाही. चीफ दोघांनाही उत्तर देत नव्हते.

व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं होतं, "हा तिची शीळ वाजवतोय. ओळखा. कोतवाल असेल तर मी कुठेही जात नाही."

हा कोतवाल त्यांच्या डोक्यात मीच घातला होता. एका फेरीत मी हातवारे करून सांगितलं होतं की शेपटीला दोन लांब तारा असलेला तो काळा कोतवाल अट्टल नकलाकार असतो, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. चीफनी ते मनात धरलं. वहिनी रोज शिट्टी वाजवायच्या, समोरच्या झाडावरचा कोतवाल रोज ऐकायचा, आणि आता त्या नाहीत पण त्यांची शीळ आहे. किती सुंदर हिशेब! मलाही तो खरा व्हायला हवा होता.

दुपारी पाया लेबारला, माझ्या ऑफिसखालच्या फूड कोर्टात, मी आमच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. ही विद्यापीठात प्राण्यांच्या आवाजांवर संशोधन करणारी पोरगी. ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान, आणि मला न घाबरणारी एकमेव.

"ताई, आधी कान," ती म्हणाली. एकेक इयरफोन वाटून घेऊन आम्ही डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना आम्ही प्रार्थना करतोय असं वाटलं असावं, त्यांनी चमचा खाली ठेवला.

बासरीसारखे गोल, भरलेले स्वर. शेवटचा खाली घसरणारा. पुन्हा तेच, पण किंचित वेगळं. आणि अगदी शेवटी, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा एक फाटका, नाकातला आवाज.

"हळद्या," मी पुटपुटले.

"कोपी," ती म्हणाली. "आणि कानांवर निकाल लागत नाही. कोतवाल असेल तर तो हळद्याचीही नक्कल करेल, त्या मांजरासकट."

मग आवाज बंद. पक्षी उजेडाच्या विरुद्ध बाजूला होता, म्हणून सगळा काळाच दिसत होता. हळद्यासारखा पिवळा असता तरी कळलं नसतं. तिने व्हिडिओची गती कमी केली. पक्षी पानांच्या आत होता. अंग जवळजवळ आडवं धरून फांदीवरून सरकला, मान लांब करून एक फळ तोडलं, आणि जड उडी मारून झाडाच्या आतल्याच दुसऱ्या फांदीवर गेला.

"तारा दिसत नाहीत," मी म्हणाले. "पण त्या गळतातही कधी कधी. नाही का?"

"गळतात. म्हणून मी शेपटीवर विसंबत नाही. बसणं बघा ना. कोतवाल उघड्या फांदीवर ताठ बसतो. किडा दिसला की झेप, आणि पुन्हा बहुतेक त्याच जागी. हा पानांत लपून फळं खातोय."

"आपण लिहू या, कोतवाल असू शकतो."

"ताई."

"असू शकतो म्हणायला काय जातं? माणूस म्हातारा आहे!"

"घर ठेवायचं की नाही ते त्यांना यावर ठरवायचंय," ती म्हणाली. "आणि उद्या दुर्बिणीतून त्यांना पिवळा दिसला तर?"

मी वाद सोडून तिची कोपी आणायला उठले. ही घटना दुर्मिळ असल्याने इथे नोंदवून ठेवते.

शनिवारी आम्ही सेम्बावांगला गेलो. चीफनी चहा केला, फार गोड. वहिनींच्या हातचं प्रमाण त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं, कान आणि डोळे दोन्ही. चीफ मान हलवत राहिले, जहाजावर बिघाड ऐकून घेतात तशी.

"पण शीळ तिचीच आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे पुरावा आहे."

त्यांनी फोनवर एक जुना व्हॉइस मेसेज लावला. ते समुद्रावर असताना वहिनींनी पाठवलेला. शीळ घुमली, मग हसू, मग, "ऐकलंत का हो? जेवून घ्या." मी खिडकीबाहेर बघू लागले. मला तिथे काहीच बघायचं नव्हतं.

"पुन्हा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचा चेहरा बदलला होता. तिसऱ्यांदा ऐकून तिने स्वतःचे मोठे हेडफोन काढून चीफच्या कानांवर चढवले आणि आवाज वाढवला. इंजिनाच्या खोलीत आयुष्य गेलेले कान ते. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसत. "काका, काकूंच्या शिळेच्या आधीचं ऐका. अगदी सुरुवातीला."

चीफनी डोळे मिटले. मला माहीत होतं ते काय ऐकताहेत, कारण मीही आत्ताच ऐकलं होतं. वहिनींच्या शिळेच्या आधी, लांब बाहेर कुठेतरी, तेच घसरणारे स्वर. पक्षी वाजवतो, मग वहिनी वाजवतात, थोडं बेसूर, शेवटी धाप लागल्यासारखं.

चीफनी हेडफोन काढले. "म्हणजे त्याने तिच्याकडून नाही घेतली."

"नाही, काका."

"तिने त्याच्याकडून."

"हो. आणि हा तोच पक्षी असेल असंही नाही. हळद्या पक्षी सगळ्या सिंगापुरात आहेत. सगळे साधारण असंच गातात."

"पुण्यात?"

"तिथे यांचा भाऊबंद असतो. त्याची शीळ थोडी वेगळी."

चीफनी तो मेसेज आणखी एकदा लावला, या वेळी हेडफोनशिवाय, आणि तो संपायच्या आधीच बंद केला. मग घरमालकाला करार नको म्हणून दोन ओळी लिहिल्या. मला वाचायला दिल्या, "इंग्रजी बरोबर आहे ना गं?" मी बरोबर आहे म्हटलं. त्यात एक चूक होती, पण मी बरोबर आहे म्हटलं.

चहाचे कप विसळायला ते स्वयंपाकघरात गेले. आम्हीही मागोमाग. तेवढ्यात समोरच्या झाडावरून शीळ आली, भरलेली, खाली घसरणारी. चीफ रोजच्या सवयीने खिडकीकडे वळले, गजाला हात लावून थोडे वाकले, ओठ उघडले. "आज ना..." एवढं बाहेर पडलं आणि थांबलं. पानांतून एक पिवळाजर्द पक्षी निघाला, उन्हातून पलीकडच्या इमारतीकडे गेला.

नळ चालूच होता. चीफ आमच्याकडे वळले आणि एकदम मोठ्याने म्हणाले,

"अगं, मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो?"