डाळिंबाचं कार्ड आणि लाल सॅटिन

शाळा सुटली की पहिलीच्या खोलीत एक निराळाच उजेड उतरतो. पोरं गेलेली असतात, पंखा आपला उगाच फिरत असतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर हळूहळू सरकत असतं. तो अर्धा तास मी कुणालाही देत नाही. बारामतीला परत जायला स्कूटी काढायची असते, घरी सगळं माझी वाट बघत असतं, तरी मी बसते. त्या वर्षी मात्र त्या अर्ध्या तासात मी माझ्या फलकाकडं बघत बसायची, आणि स्वतःवरच खूश व्हायची.

फलक होताच तसा. आमच्या घरच्या गौरींची आरास बघायला सगळी गल्ली येते. बायका हळदीकुंकू घेतात आणि म्हणतात, तुमच्या हाताला काय कला आहे हो! त्या साली गौरी उठल्यावर मागं लावलेलं लाल सॅटिन, सोनेरी झालर, टिकल्यांच्या माळा असं सगळं शिल्लक होतं. टाकायला जीव होईना. सरळ पिशवीत भरलं आणि वर्गात आणलं. दोन रविवार शाळेत येऊन तो फलक सजवला. लाल सॅटिनवर पिवळे, निळे, गुलाबी घोटीव कागद, कडेनं झालर, मधेमधे चमकणाऱ्या चांदण्या. कुठं बोटभर जागा मोकळी सोडली नाही. मोकळी जागा दिसली की मला चैनच पडत नाही, स्वभावच आहे.

शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारातून डोकावले आणि म्हणाले, "बाई, लग्न कधी आहे?" मी म्हटलं, "जळतंय का?" ते हसत गेले. मला काय, मी हवेतच होते.

तो फलक नुसता शोभेचा नव्हता. आमच्या वर्गात पोरं आपली हजेरी आपणच लावतात. प्रत्येकाचं एक चित्राचं कार्ड असतं, कुणाचा पतंग, कुणाची बैलगाडी, खाली नाव. सकाळी आलं की डावीकडच्या 'घर' या कप्प्यांतून आपलं कार्ड काढायचं आणि उजवीकडं 'शाळा' लिहिलेल्या कप्प्यात ठेवायचं. अक्षर ओळखायच्या आधी पोरगं आपलं चित्र ओळखतं. त्या एवढ्याशा कामानं त्याला कळतं, की मी आलो, आणि या वर्गात माझी जागा आहे.

गणपतीनंतर एक नवी मुलगी आली. आईवडील दोघंही लोणी देवकरला कंपनीत, पाळ्या बदलत्या, पोरीला सांभाळायला कुणी नाही. म्हणून आजोबांनी तिला आपल्याकडं आणलं. आजोबा म्हणजे काटेवाडीकडं दीड एकरात काकडी, टोमॅटो करणारे, टोपी सरळ, बोलणं मोजकं. मी त्यांना आबाच म्हणायला लागले. मुलीला विचारलं, तुझं चित्र कुठलं काढू? ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "डाळिंब." मी हौसेनं लालचुटुक डाळिंब काढलं, लॅमिनेशन केलं, आणि लावलं.

दुसऱ्या दिवशी ती फलकापुढं उभी राहिली आणि उभीच राहिली. मागची पोरं ओरडायला लागली, "तिथं बघ, वर बघ, अगं तिकडं!" तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं, तर तिनं ते धरलंच नाही, दाराकडं पळाली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर ती फलकाकडं पाठ करून बसली आणि दिवसभर वळली नाही. मला रागच आला, खोटं कशाला बोलू! एवढं नटवलेलं, आणि ही पाठ फिरवून बसते? मनात म्हटलं, लाडावलेली दिसते.

शनिवारी आबा तिला न्यायला आले. म्हणाले, "बाई, पोर रातीची रडती. साळंत न्हाय जायाचं म्हणती. अजून आठ दिस बघतो, न्हायतर धाडतो आईबापाकडं. मग तिच्या आईला काम सोडावं लागंल, दुसरं काय!"

पहिल्यांदा तिची आई माझ्या डोळ्यांपुढं आली, कधी न बघितलेली, कंपनीच्या बसमधून उतरणारी. तिचं काम आता माझ्या वर्गावर अडलं होतं.

"आबा, तिला काय होतंय तेच कळत नाही. एवढा छान फलक केलाय बघा." आबांनी बराच वेळ फलक बघितला. मग म्हणाले, "लई झ्याक हाय. पन बाई, आमी काकडीत पिवळा चिकट कागद टांगतो न्हवं, मावा, पांढरी माशी असली कीड चिकटाय. हिरव्या रानात त्यो पिवळा एकलाच असतो, म्हणून माशी नीट तितंच जाती. समदं रानच पिवळं केल्यावर तिनं कुठं बघायचं?"

ते नातीला घेऊन गेले. मी तिच्या जागेवर जाऊन फरशीवर मांडी घालून बसले. सात वर्षं त्या खोलीत उभी राहून शिकवलं, पण तिथं बसून कधी बघितलं नव्हतं! खिडकीचं ऊन सॅटिनवर पडलं होतं आणि सगळा फलक पाण्यासारखा हलत होता. लॅमिनेशनवर नुसती झळाळी, चित्रं दिसेनात. लालावर पिवळा, पिवळ्यावर गुलाबी, सगळेच पुढं यायला धडपडतायत. बघता बघता डोळे जड झाले, सगळे रंग एकमेकांत मिसळून माझ्याभोवती फिरायला लागले. कुठं बघू तेच कळेना. आणि डाळिंब? लालावर लाल. मीच लावलेलं मलाच सापडेना. मी तिथंच रडले, आपल्याच हौसेची लाज वाटून.

रविवारी पुन्हा शाळेत गेले. झालर काढली, सॅटिन काढलं. हात थांबत होते, पण काढलं. पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद फलकभर लावला, चमक नसलेला. कार्डं नव्यानं केली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकेकच चित्र, लॅमिनेशन नाही, आणि दोन कार्डांमध्ये चार बोटं मोकळी जागा. 'घर'चे कप्पे फिकट राखाडी. भडक रंग एकाच ठिकाणी ठेवला, 'शाळा'च्या कप्प्यांना पिवळा, कारण नजर तिथं जायला हवी होती. फलक खिडकीच्या समोरून हलवून ऊन न येणाऱ्या बाजूच्या भिंतीवर, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला ठोकला. समोरच्या भिंतीवरच्या पताकाही उतरवल्या.

सोमवारी दोघं तिघं कुरकुरले, "बाई, सोनेरी कुठं गेलं?" गुरुजी म्हणाले, "अहो, सुतक आहे का?" माझं लक्ष दाराकडं होतं.

ती आबांचं बोट धरून आली. आबांनी बोट सोडवून घेतलं. ती फलकासमोर उभी राहिली, डोळे न झाकता. तिची नजर पहिल्या ओळीवरून सावकाश गेली, दुसऱ्या ओळीवर आली आणि थांबली. तिनं डाळिंबाचं कार्ड काढलं, उलटसुलट करून बघितलं, चार पावलं चालली आणि पिवळ्या कप्प्यात ठेवलं.

मग माझ्याकडं वळली. त्या खोलीत तिनं स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द.

"बाई, मी आधीपन हितंच होते का?"

"होतीस गं," मी म्हटलं, "मीच तुला झाकून ठेवलं होतं."