गच्चीवरचा दांडा

शालिग्राम लूमवर, कापडाच्या मागावर, कारागीर होता. पर्वत पाटिया भागातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि पावसाळ्यात खाडीच्या पाण्याला सापाइतका भ्यायचा. पाणी एकदा तळमजल्यात शिरलं की सगळ्या चाळीचा संसार चिखलात. किती पाऊस पडला म्हणजे खाडी फुगते, हे आपल्याला आधी कळलं पाहिजे, एवढ्यासाठी त्यानं आणि डिप्लोमा करणाऱ्या योगितानं, त्याच्या लेकीनं, गच्चीवर हवामानाचं यंत्र उभारलं.

गल्लीकडच्या कठड्याला लोखंडी दांडा बोल्टांनी कसला. वर वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्या. त्यांच्या आसाला लोहचुंबक. तो दर फेऱ्याला शेजारच्या बारक्या स्विचपुढून जायचा आणि एक फेरा मोजला जायचा. खाली, त्याच दांड्याला, पावसाचं भांडं. त्यात तराजूसारखी दोन पन्हळं. एक भरलं की कलंडायचं, पाणी सांडायचं, दुसरं वर यायचं. दर कलंडण्याला एक टिक. योगितानं मापाचं पाणी थेंबथेंब ओतून एका टिकला किती पाऊस ते बसवलं. सगळा हिशेब दर मिनिटाला मेमरी कार्डात आणि मोबाइलवर.

दांड्याला तारेचे ताण मात्र शालिग्रामनं बांधले. दोनच. एक कठड्याच्या या टोकाला, एक त्या टोकाला. जन्मभर सूत पुढून-मागून ताणलेलं बघितलेला माणूस. दोन बाजूंनी ताणलं की गडी हलायचा नाही, हे त्याच्या हातात भिनलेलं.

"आडवा वारा उना त?" बायकोनं, उज्ज्वलानं, कठड्याबाहेर गल्लीकडे हात करून विचारलं होतं.

"तू भाकर टाक," शालिग्राम म्हणाला होता.

मे महिन्याच्या दुपारी आभाळ काळं-पिवळं झालं. धुळीनं समोरची चाळ दिसेना. योगिता मोबाइल घेऊन ओरडली, "पप्पा, जुओ तो, बघा! पाऊस धडाधड वाढतोय!"

शालिग्रामनं खिडकीतून हात बाहेर काढला. हात कोरडा. वर पत्र्यावर थेंब नाही.

"मोजणी बिघडनी," उज्ज्वला म्हणाली.

शालिग्रामनं वर छताकडे बघितलं. पाऊस नाही आणि पन्हळं कलंडताहेत. म्हणजे दांडा हलतोय. आणि थोडाथोडका नाही.

तो जिन्यानं वर धावला. दारातून बघतो तर वारा चाळीच्या मागून आलेला; दांडा गल्लीकडे झुकायचा, परत यायचा, पुन्हा झुकायचा. दोन्ही ताण कठड्यालगत, त्यांना या झुकण्याशी घेणं-देणंच नव्हतं. कठड्यातले बोल्ट प्लॅस्टर उखडत बाहेर येत होते. खडखड खडखड. आभाळ फाटल्यासारखी वीज कडाडली.

मागून उज्ज्वलानं सदरा धरला. "योगिताना बाप, त्या लोखंडले हात नको लावजो!"

तो लावणारही नव्हता. पण दांड्याच्या बरोबर खाली, गल्लीत, धुरपदाबाईची भज्यांची गाडी. धुरपदाबाई त्याच्याच गावची, मावशीच म्हणायचा तो तिला.

त्यानं कठड्याकडे न जाता दारातूनच हाका मारल्या. वाऱ्यानं गिळल्या. मग जिना उतरला. दोन पायऱ्या चुकला, गुडघा फुटला, कळलं नाही.

"मावशी, ऊठ! दांडा पडी ऱ्हायना!"

"तेल तापेल शे," धुरपदाबाई झारा हलवत म्हणाली. "घाणा काढीसन उठस."

"ऊठ म्हणतो ना!"

"आरे, तुना त्या भिंगरापायी मनी भजी का जाळस?"

त्यानं गॅसची चावी बंद केली, म्हातारीच्या दंडाला धरलं आणि फरफटत समोरच्या ओट्यावर नेलं. ती शिव्या घालतच होती. वर कर्रकन् आवाज झाला. कठड्याचा तुकडा आधी आला, मागोमाग दांडा, तारा फरफटवत. गाडीचं छप्पर चिरलं, कढई उलटली आणि जिथं धुरपदाबाई बसली होती तिथं उकळतं तेल पसरलं.

शालिग्रामचे दात वाजत होते, एवढ्या उकाड्यात. पाऊस मग आला, खराखुरा.

आठवड्यानं त्यानं दांडा पुन्हा उभा केला. या वेळी कठड्याला नाही, गच्चीच्या मधोमध, काँक्रीटच्या ठोकळ्यात. तीन ताण, तिन्ही वेगवेगळ्या दिशांना, सारख्या अंतरावर. दांडा कोणत्याही बाजूनं गेला तरी गच्चीतच पडेल, एवढाच उंच. पावसाचं भांडं दांड्यापासून तोडून वेगळ्या बुटक्या ओट्यावर.

धुरपदाबाई धापा टाकत वर आली. लुगड्याचा पदर खोचला, दांड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलून सगळ्या वजनानं लोंबकळली. एका बाजूनं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

तारा कुरकुरल्या, दांडा जागचा हलला नाही.

"उतर ना मावशी," तो म्हणाला.

"थांब रे," धुरपदाबाई म्हणाली, "खाले मी बसस, तू नही." आणि आणखी एकदा झोका घेतला.